सोळा नंबरचं पॅलेट

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाउसच्या धक्क्याला पांढरे रीफर कंटेनर पाठ लावून उभे असतात. आत थंड केलेली द्राक्षं भरली जातात. दार बंद झालं, सील लागलं, की गाडी न्हावा शेवाच्या वाटेला लागते आणि माल काही आठवड्यांनी रॉटरडॅमला उतरतो. मधल्या काळात त्या पेट्या कुणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. आत काय आहे हे सांगायला फक्त कागद उरतात, आणि त्यांतले दोन सगळ्यांत महत्त्वाचे: पॅकिंग लिस्ट आणि लोड प्लॅन. कोणता माल, कुणाच्या बागेतला, किती पेट्या, हे पहिला सांगतो. त्यातलं काय कंटेनरच्या कोणत्या जागी ठेवलंय, हे दुसरा.

दोन्ही कागद प्रत्यक्ष मालाशी जुळले की नाही, हे बहुतेक ठिकाणी एका आकड्यावरून ठरवलं जातं. यादीत २,८०० पेट्या, भरल्या २,८००, झालं. माझं म्हणणं असं, की एकूण बेरीज जुळणं हा या कामातला सगळ्यांत कच्चा पुरावा आहे. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज बिनबोभाट बरोबर येते. कशी, ते एका कंटेनरचं उदाहरण घेऊनच पाहावं लागेल.

आधी लोड प्लॅन वाचायला शिकू. चाळीस फुटी रीफरची आतली रुंदी साधारण २.२९ मीटर आणि लांबी साडेअकरा मीटरच्या आसपास असते. द्राक्षांचं पॅलेट १ मीटर बाय १.२ मीटरचं. दोन पॅलेट शेजारी शेजारी बसवायची, तर दोन्ही आडवी घालून चालत नाही, कारण रुंदी २.४ मीटर होते. म्हणून एका रांगेत पॅलेट उभी आणि दुसऱ्या रांगेत आडवी लावतात: १ आणि १.२ मिळून २.२ मीटर, नेमकं बसतं. पण त्यामुळे दोन्ही रांगांत पॅलेटची संख्या सारखी राहत नाही. ज्या रांगेत पॅलेटची १.२ मीटरची बाजू कंटेनरच्या लांबीला धरून असते तिथे ९ मावतात, तर ज्या रांगेत १ मीटरची बाजू तशी असते तिथे ११. एकूण २०.

प्लॅन म्हणजे कंटेनरचं वरून काढलेलं चित्र. एका टोकाला थंडाव्याचं मशीन, दुसऱ्या टोकाला दार. क्रमांक सहसा भरण्याच्या क्रमाने देतात, म्हणजे १ नंबर मशीनपाशी, सगळ्यांत आधी आत गेलेला. आपल्या उदाहरणात डावीकडे १, ३, ५ असे विषम क्रमांक १७ पर्यंत आहेत, उजवीकडे २, ४, ६ असे सम क्रमांक १८ पर्यंत, आणि दारापाशी १९ आणि २० हे दोन्ही उजव्याच रांगेत. नव्या माणसाला ही छपाईची चूक वाटते. १९ डावीकडे हवा होता असं समजून तो चौकट दुरुस्त करायला जातो. पण ९ आणि ११ चं गणित माहीत असेल, तर प्लॅन बरोबर असल्याचं लगेच कळतं.

डावं-उजवं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. दारात उभं राहून आत पाहणाऱ्याचं डावं आणि मशीनपाशी उभं राहून दाराकडे पाहणाऱ्याचं डावं उलट असतं. चांगल्या प्लॅनवर हे लिहिलेलं असतं: ‘दारातून आत पाहताना’. लिहिलेलं नसेल, तर पहिलं पॅलेट आत जाण्याआधी विचारून कागदावर लिहून घ्यावं. नंतर विचारलं तर प्रत्येक जण आपापल्या बाजूने उत्तर देतो.

चित्रात आणखी एक खूण सापडते, तापमान नोंदवणाऱ्या लॉगरची. तो कोणत्या पॅलेटमध्ये, कोणत्या थरात ठेवलाय, तेही लिहायचं असतं. आणि प्लॅनवर रेघ न मारताही पाळायच्या दोन गोष्टी: पेट्यांची उंची भिंतीवरच्या लाल रेषेवर जाऊ द्यायची नाही, आणि दारापाशी पॅलेट संपल्यावर उघडी राहिलेली जमीन पुठ्ठ्याने झाकायची. रीफरमध्ये थंड हवा खालून, जमिनीच्या पन्हळींतून येते, पॅलेटमधून वर चढते आणि छताखालून मशीनकडे परतते. जमीन उघडी राहिली तर हवा सोप्या वाटेने तिथूनच वर जाते आणि मालातून फिरतच नाही. पॅलेटची जागा ही या हवेच्या वाटेशी बांधलेली असते, हे लक्षात ठेवलं की पुढचा मुद्दा सोपा होईल.

आता यादी. समजा, आपल्या कंटेनरमध्ये सगळी थॉम्पसन सीडलेस आहे, तीन शेतकऱ्यांच्या बागांतली. त्यांच्या प्लॉटना आपण अ, ब आणि क म्हणू. अ च्या १,२६० पेट्या, ब च्या ९१०, क च्या ६३०. एकूण २,८००. पेटीत ५ किलो द्राक्षं. पेटीचं माप ४० सेंटिमीटर बाय ३०, एका थरात दहा पेट्या, चौदा थर, म्हणजे पॅलेटला १४० पेट्या. भागून पाहा: अ ची बरोबर नऊ पॅलेट होतात. ब ची साडेसहा, क ची साडेचार. म्हणजे कुठेतरी एक पॅलेट निम्मं ब चं आणि निम्मं क चं असणार. प्लॅनमध्ये ते १६ नंबरला आहे: खालचे सात थर ब, वरचे सात थर क, प्रत्येकी ७० पेट्या.

यादी हातात आली की सगळ्यांत आधी हाच भागाकार करावा. कोणती ओळ पूर्ण पॅलेटमध्ये बसते आणि कोणती अर्धी उरते, हे कागदावरच कळतं आणि लक्ष कुठे ठेवायचं ते ठरतं. सलग एकाच प्लॉटचं पॅलेट सहसा चुकत नाही. चूक होते ती मिश्र पॅलेटवर, आणि बहुतेक वेळा शिफ्ट बदलताना.

आता पेट्या मोजण्याचं काम. ४० बाय ३० च्या दहा पेट्या पॅलेटवर कशा बसतात ते डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला चार पेट्यांची रांग, तिच्यापुढे तीन पेट्यांच्या दोन रांगा. पॅलेटभोवती फेरी मारली तर प्रत्येक थरात नऊ पेट्या दिसतात. मधल्या रांगेतली मधली पेटी चारही बाजूंनी झाकलेली असते. चौदा थरांपैकी सगळ्यांत वरच्या थरातली तेवढी वरून दिसते, उरलेल्या तेरा दिसतच नाहीत. तिथे पोकळी राहिली तरी बाहेरून पॅलेट भरगच्च दिसतं. कोपऱ्यांना अँगल लावून पट्टे आवळल्यावर तर विचारायलाच नको. म्हणून मोजणी पॅलेट रचतानाच व्हायला हवी, थर पुरा होईल तशी एकेक रेघ मारत. तयार पॅलेट बाहेरून मोजणं म्हणजे थरांची संख्या मोजून दहाने गुणणं, एवढंच.

हे मोजणाऱ्याच्या हातात पॅकिंग लिस्ट नसावी, असं मला फार वाटतं. ज्याला आधीच १४० दिसतंय तो १४० च मोजतो. तेराव्या थराला गोंधळला तरी उत्तर ठाऊक असल्यामुळे तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. मोजणाऱ्याला कोरा फॉर्म द्यावा: पॅलेट नंबर, थर, लेबलवरचा प्लॉट, पेट्या. यादी दुसऱ्याच्या हातात असावी आणि ताळमेळ त्याने घालावा.

चांगल्या पॅकहाउसमध्ये हे काम ऐकायलाही बरं वाटतं. लेबल वाचणारी बाई पॅलेटपाशी, सुपरवायझर टेबलापाशी.

“सोळा नंबर, पहिला थर?”

“ब, दहा.”

“सातवा?”

“ब, दहा.”

“आठवा?”

“थांबा हं दादा, हा पण ब आहे.”

इथेच आपल्या कंटेनरमधली चूक सापडते. खालचे आठ थर ब चे लागलेत आणि वरचे सहा क चे. म्हणजे ८० आणि ६०. पॅलेटवरच्या पेट्या १४० च आहेत. कंटेनरची बेरीजही २,८०० च आहे. पेटीचं चित्र तेच, जात तीच, मण्यांचा आकार तोच, वजनही तेच. फरक फक्त लेबलवरच्या प्लॉटच्या नोंदणी क्रमांकात आहे. यादी सांगते ब ९१० आणि क ६३०. प्रत्यक्षात भरले जाणार होते ब ९२० आणि क ६२०.

दहा पेट्यांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत प्रत्येक बाग नोंदवलेली असते, आणि कीडनाशकांच्या अंशांची प्रयोगशाळेतली तपासणी प्लॉटनिहाय होते. दुकानातल्या पेटीपासून मागे बागेपर्यंत पोचता यावं, हाच त्यामागचा हेतू. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश सापडले आणि युरोपात कित्येक कंटेनर अडकले. निर्यातदार आणि बागायतदार दोघांनाही तो हंगाम फार महागात पडला. अशा वेळी एखाद्या प्लॉटचा माल बाजूला काढायची वेळ आली, तर तो काढणारा माणूस कागदावर विसंबून पेट्या काढतो. कागदात ९१० असतील तर ९१० काढून तो थांबतो. उरलेल्या दहा पेट्या क च्या नावावर पुढे जातात.

मग वजनाचं काय? वजनाने पेट्यांची खात्री होते, असं अनेकांना वाटतं. काही बाबतीत होते, पण कोणता काटा काय पकडतो हे वेगवेगळं समजून घ्यायला हवं. आपल्या पेटीचं पॅकिंगसकट वजन ५.६ किलो धरू. १४० पेट्या म्हणजे ७८४ किलो, त्यात लाकडी पॅलेट, अँगल आणि पट्ट्यांचे २० मिळवले की ८०४. वीस पॅलेट म्हणजे १६,०८० किलो. रिकाम्या कंटेनरचं वजन त्याच्या दारावर लिहिलेलं असतं. समजा, ४,६०० किलो. एकूण २०,६८०. हा आकडा नुसता हिशेबासाठी नाही. १ जुलै २०१६ पासून समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे भरलेल्या कंटेनरचं खात्रीलायक वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. ते भरलेला कंटेनर काट्यावर घालून काढता येतं, किंवा एकेक भाग मोजून बेरीज करून.

गाडीच्या वे-ब्रिजवर आकडा ८०० किलोने कमी आला तर एक पॅलेट आत गेलंच नाही, हे लगेच कळतं. पण एक थर कमी असेल तर फरक फक्त ५६ किलोंचा. डिझेलची टाकी अर्धी की भरलेली, एवढ्यानेही तितका फरक पडतो. त्यामुळे वे-ब्रिज पॅलेटची चूक पकडतो, पेट्यांची नाही.

पेट्यांसाठी प्लॅटफॉर्म काटा हवा, एकेक पॅलेट वजन करणारा. त्यालाही मर्यादा आहे. प्रवासात द्राक्षांतलं पाणी उडून वजन घटतं, म्हणून पेटीत ठरल्यापेक्षा थोडा जास्तच माल भरतात. पेटीमागे ३० ग्रॅम जास्त धरले, तर १४० पेट्यांना ४.२ किलो होतात. ते जवळपास एका पेटीइतकंच झालं. म्हणजे आतली एक पेटी कमी असेल आणि उरलेल्या थोड्या जड असतील, तर काटा अपेक्षित वजनाच्या आसपासच येऊन थांबतो. उपाय असा, की हिशेबातल्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा शेजारच्या पॅलेटशी करावी. एकाच प्लॉटची, एकाच दिवशी एकाच टेबलावर भरलेली पॅलेट ८०८-८०९ येत असतील आणि मध्येच एक ८०३ आलं, तर पट्टे कापून ते उघडावं. लाकूड ओलं-सुकं असण्यानेही एखाद-दोन किलो इकडेतिकडे होतात, तेही ध्यानात ठेवावं. आणि सोळा नंबरची चूक? ती कोणत्याच काट्याला दिसणार नाही. तिथे लेबलच वाचावं लागतं.

चूक सापडली की ती कशी दुरुस्त करायची, यावरही मतभेद असतात. घाईच्या वेळी सोपा मार्ग सुचतो: पॅकिंग लिस्टमध्ये ९१० चे ९२० करा, ६३० चे ६२० करा. पण तोवर शिपिंग बिल दाखल झालेलं असतं, निर्यातीचे दाखले त्याच आकड्यांवर निघालेले असतात. एका कागदावर खाडाखोड केली की तो बाकीच्या कागदांशी भांडायला लागतो. पॅलेट अजून धक्क्यावर असेल तर आठवा थर बदलणं हाच स्वस्त उपाय, आणि त्याला फार वेळ लागत नाही. क चा माल खरोखरच संपला असेल, तर दहा पेट्या कमी पाठवाव्यात, आणि कमी गेल्याची नोंद कस्टम्सच्या कागदावर रीतसर करून घ्यावी. कागदावर नसलेल्या दहा जास्त पेट्या पाठवण्यापेक्षा ते कधीही बरं.

जागेची अदलाबदल झाली तर मात्र नियम उलटा. १४ नंबरचं पॅलेट ४ च्या जागी गेलं, आणि दहा पॅलेट त्याच्यापुढे भरून झाली, तर ती सगळी बाहेर काढू नयेत. थंड माल उघड्या दारात जितका रेंगाळेल तितका त्याला धोका. रीफरचं मशीन गार माल गार ठेवू शकतं, पण तापलेला माल पटकन गार करणं त्याच्या आवाक्यातलं नाही. अशा वेळी प्लॅनच दुरुस्त करावा, पण तिथल्या तिथे, पेनने, सहीसकट. मनात ठेवून नंतर ऑफिसात बसून नव्हे.

शेवटी दाराचे दोन आकडे: कंटेनर नंबर आणि सील नंबर. हे बघून उतरवावेत, फोनवरून ऐकून लिहू नयेत. कंटेनर नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. सातवा आकडा चौकटीत छापलेला असतो, आणि तो आधीच्या दहा खुणांवरून ठराविक गणिताने निघतो. आंतरराष्ट्रीय नियमावलीतलं नेहमी दिलं जाणारं उदाहरण `CSQU3054383` असं आहे. लिहिताना ५ आणि ४ ची अदलाबदल होऊन `CSQU3045383` झालं, तर हिशेबाने शेवटचा आकडा ३ नव्हे, १ यायला हवा. त्यामुळे संगणक तो नंबर तिथेच नाकारतो. सीलच्या नंबरला असा पहारेकरी नाही, तिथे डोळ्यांवरच भिस्त. म्हणून लावलेल्या सीलचा फोटो काढावा आणि फोटोतला नंबर कागदाशी ताडून पाहावा. दार अर्धं बंद असताना आतल्या शेवटच्या पॅलेटचा, पॅलेट कार्ड दिसेल असा आणखी एक फोटो घ्यावा.

लोड प्लॅन खरोखर किती उपयोगाचा, हे माल उतरल्यावर कळतं. रॉटरडॅमला कंटेनर उघडला आणि काही पेट्यांत मणी मऊ पडलेले, देठ सुकून तपकिरी झालेले सापडले, असं धरू. खरेदीदार पॅलेट नंबरनिहाय तक्रार पाठवतो. खराब पेट्या १७, १८, १९ आणि २० मध्ये असतील, आणि प्लॅनप्रमाणे ही चारही दारापाशी असतील, तर संशय हवेच्या वाटेवर जातो: पुठ्ठा नीट लावला होता का, दाराजवळच्या लॉगरमध्ये काय दिसतं. त्या चारांत दोन वेगळ्या बागांचा माल असेल, तर तो संशय आणखी बळावतो. याउलट खराब पेट्या ३, ९, १२ आणि १६ च्या खालच्या थरांत विखुरलेल्या असतील आणि सगळ्यांवर लेबल ब चं असेल, तर मशीनचा दोष नाही. काढणीच्या वेळी माल कसा होता, बागेत पाऊस झाला होता का, थंड करायला किती उशीर झाला, हे विचारायला हवं.

पैशाची वजावट याच निष्कर्षावरून होते, आणि ती बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या बिलापर्यंत जाते. ४ आणि १४ ची अदलाबदल प्लॅनवर नोंदवली नसेल, किंवा १६ च्या आठव्या थरात ब च्या पेट्या क म्हणून गेल्या असतील, तर ज्याच्या बागेत काही बिघडलंच नव्हतं त्याच्या नावावर रक्कम कापली जाते. त्याच्याकडे सांगायला काहीच नसतं. त्याने आपली द्राक्षं पॅकहाउसच्या दारापर्यंतच पाहिलेली असतात. म्हणून माल देणाऱ्या शेतकऱ्याने बिलाबरोबर आपल्या प्लॉटच्या पेट्या कोणत्या कंटेनरमध्ये, कोणत्या नंबरच्या पॅलेटवर आणि कितव्या थरात गेल्या, याची टॅली शीटची प्रत मागून घ्यावी. ती द्यायला पॅकहाउसला काही जास्तीचं काम पडत नाही, कारण मोजणी नीट झाली असेल तर तो कागद धक्क्यावरच तयार झालेला असतो.